थेंबाच्या बाटलीचं टोक

पळस्पे फाट्यावर सकाळी नऊच्या सुमाराला उभं राहायचं म्हणजे कानात बोटं घालूनच. मुंबईहून आलेला जुना पुणे रस्ता इथून खोपोलीच्या घाटाकडे निघतो, गोव्याचा महामार्ग इथूनच पेणकडे वळतो आणि न्हावाशेवा बंदराकडून भरून आलेले कंटेनर या दोन्हींत आपली वाट काढत असतात. जिथं एवढी अवजड वाहनं, तिथं ती दुरुस्त करणारी माणसंही आलीच. पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चरवाले, पाटे बदलणारे, बॅटरीवाले, डेंटिंगवाले आणि जवळजवळ प्रत्येक चौथ्या शेडमध्ये एक वेल्डर.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'स्पर्श' असा कळवला, तेव्हा कवितेची वाट धरणारे बरेच असतील हे उघड होतं. मला आठवला तो या फाट्यावरच्या शेडमधला वेल्डर आणि पावसाळ्यात त्याच्या घरात एकामागून एक लाल झालेले डोळे. 'डोळे आले' एवढंच म्हणून आपण ज्याची बोळवण करतो, तो आजार स्पर्शाशिवाय पाऊलभरही पुढे सरकत नाही. तो कुठून कुठं सरकला, हे एकदा नीट बघावं म्हणून मी पळस्पे आणि पनवेलच्या खेपा घातल्या.

सोमवारची ठिणगी

वेल्डरचं नाव छापायचं नाही, ही त्याचीच अट. सोलापूरकडचा आहे, पळस्प्याच्या एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि म्हातारी आई यांच्यासह राहतो. जुलैतल्या एका सोमवारी ट्रेलरच्या चेसीवरचा जोड ग्राइंडरनं घासताना लोखंडाचा कण उजव्या डोळ्यात उडाला. चष्मा होता, पण काच काळवंडलेली म्हणून कपाळावर सरकवलेला. रात्रभर डोळा चोळून काढला आणि मंगळवारी सकाळी तो पनवेलला एका नेत्रतज्ज्ञाकडे गेला. डोळ्यात सुन्न करणारे थेंब पडले, यंत्राच्या हनुवटीच्या टेकूवर हनुवटी ठेवली, डॉक्टरांनी सुईच्या टोकानं कण उचलून काढला, वर अँटिबायोटिक थेंब लिहून दिले. बुधवारी डोळा निवळला, गुरुवारी तो कामावर हजर.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी, म्हणजे कण काढल्यावर आठव्या दिवशी, तोच उजवा डोळा सकाळी उघडेना. पापण्या चिकटलेल्या, पाणी वाहतंय, आत वाळू खुपल्यासारखी. शेडमधल्या सगळ्यांचं निदान एकच: वेल्डिंग लागलं. इथं लाल डोळ्याला हे पहिलं आणि शेवटचं उत्तर असतं.

पण वेल्डिंग लागणं ओळखू येतं. उघड्या डोळ्यांनी झोत पाहिला तर त्रास सहा ते बारा तासांत सुरू होतो, दोन्ही डोळ्यांत एकदम होतो, रात्री डोळ्यात मिरची घातल्यासारखी आग होते आणि एक-दोन दिवसांत बहुतेकदा आपोआप शमते. कणाचा त्रास त्याच क्षणी आणि त्याच डोळ्यात. वेल्डरच्या बाबतीत यांतलं काहीच जुळत नव्हतं. त्रास आठवड्यानं आला, एका डोळ्यात आला आणि शनिवारी दुसऱ्या डोळ्यात गेला. शिवाय उजव्या कानाच्या पुढे, जिथं गालाचं हाड संपतं तिथं, एक दुखरी गाठ हाताला लागत होती. डोळ्याच्या बाहेरचा हा पुरावा लोक सहसा बघतच नाहीत. डोळ्यातल्या पाण्याचा निचरा करणाऱ्या लसीकाग्रंथी तिथं असतात आणि विषाणूच्या संसर्गात त्या सुजतात. जिवाणूमुळे डोळा आला तर पिवळा-हिरवा पू जास्त येतो आणि ही गाठ क्वचितच असते. ॲलर्जीत खाज सुटते, गाठ नसते.

वेल्डरला झाला होता तो विषाणूचा डोळे येण्याचा प्रकार आणि सगळ्या खुणा ॲडेनोव्हायरसकडे बोट दाखवत होत्या. हा विषाणू डोळ्यात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच ते बारा दिवस घेतो. त्या बुधवारपासून मागे मोजलं तर मंगळवारची ती खुर्ची नेमकी त्या मुदतीत बसते.

तिथूनच आला, असं सिद्ध करता येणार नाही. तेवढ्या दिवसांत त्यानं चहाच्या टपरीवरचा ग्लास, एसटीचा दांडा आणि शेडमधला सगळ्यांचा पंचा असं बरंच काही हाताळलं होतं. पण डोळ्याच्या दवाखान्यात जाऊन डोळे आणणं ही कल्पना नवी नाही. त्या गोष्टीला ऐंशीहून अधिक वर्षं झाली आणि तीही वेल्डरांचीच आहे.

गोदी कामगारांचे डोळे

दुसऱ्या महायुद्धात, 1941-42 च्या सुमाराला, हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरमधून आणि मग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जहाजबांधणीच्या गोद्यांतून लाल डोळ्यांची मोठी साथ निघाली. दिवसरात्र पाळ्या चालू होत्या, हजारो माणसं पोलाद कापत, घासत, जोडत होती आणि डोळ्यात कण जाणं ही रोजची बाब होती. कण गेला की कामगार गोदीतल्या दवाखान्यात जायचा, तिथं तो काढून मिळायचा. काही दिवसांनी तोच कामगार लाल, सुजलेला डोळा घेऊन परत यायचा. या आजाराला तिथं 'शिपयार्ड आय' असंच नाव पडलं.

साथीचा माग काढणाऱ्यांना हळूहळू दिसलं, की गोदीतल्या दवाखान्यातच ती वाढत होती. एका कामगाराच्या पापण्या उघडणारी बोटं दुसऱ्याच्या पापण्यांवर जात होती, थेंबाची तीच बाटली आणि कण काढण्याची तीच हत्यारं रांगेतल्या सगळ्यांच्या डोळ्यांना लागत होती. कारण असलेला विषाणू हाती लागायला मात्र 1955 उजाडलं. अर्नेस्ट यावेट्झ आणि सहकाऱ्यांनी अशा डोळ्यांतून ॲडेनोव्हायरसचा आठव्या क्रमांकाचा प्रकार वेगळा केला. त्याआधी दोनच वर्षं घशातल्या ॲडेनॉइड ग्रंथींच्या तुकड्यांत हे विषाणू पहिल्यांदा सापडले होते, नावही त्यावरूनच पडलं.

मुंबईचा धागा त्याहून जुना आहे. हर्बर्ट नावाच्या, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या नेत्रतज्ज्ञानं मुंबईतल्या रुग्णांच्या बुबुळावर दिसणाऱ्या बारीक ठिपक्यांचं वर्णन 1901 सालीच छापलं होतं. त्यानं दोष एका जिवाणूला दिला, विषाणू दिसण्याचं साधन तेव्हा कुठं होतं? पुढच्या नेत्रतज्ज्ञांनी या आजाराचा इतिहास लिहिताना हर्बर्टची ही नोंद त्यात धरली. ठिपक्यांची गोष्ट पुढे येणारच आहे, वेल्डरच्या डोळ्यांतही ते आले.

दवाखान्यातला एक तास

पनवेलमध्ये डोळ्यांची मोठी रुग्णालयं आहेत, धर्मादायही आहेत आणि खोपोली, पेण, उरणपासून माणसं तिथं येतात. मी बसले ते मात्र एका छोट्या खासगी दवाखान्यात, डॉक्टर मॅडमच्या परवानगीनं, कोपऱ्यातल्या स्टुलावर. नियम एकच दिला होता: "कशालाही हात लावायचा नाही."

तासाभरात मी फक्त हात बघितले. पाणी गळणारा डोळा घेऊन आलेला माणूस दारात शिरताना हँडलला हात लावतो. मग डोळा पुसतो. मग केसपेपरसाठी पेन मागतो आणि ते पेन काउंटरवर परत ठेवतो. बाकावर बसून डोळा पुसतो, शेजारच्या मासिकाचं पान उलटतो. आत बोलावल्यावर खुर्ची पुढे ओढतो, यंत्राच्या कपाळपट्टीला कपाळ आणि टेकूला हनुवटी लावतो, हातांनी बाजूच्या मुठी धरतो. मुठी धरायच्या हे कुणाला सांगावं लागत नाही.

हे दृश्य मनात ठेवून 1996 साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास वाचावा. त्यात ॲडेनोचा जोरदार संसर्ग झालेल्या रुग्णांच्या हातांचे नमुने घेतले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या हातांवर जिवंत विषाणू मिळाला.

मॅडमनी थेंबाची बाटली हातात घेऊन मला एक गोष्ट दाखवली. त्या म्हणाल्या, "घाईत थेंब टाकताना काय होतं माहितीये? पापणी फडफडते आणि बाटलीचं टोक पापणीच्या केसांना टेकतं. टेकलं, की बाटली दाबून सोडताना ती थोडं आत ओढते. आतलं औषध आणि बाहेरचं पाणी एक झालं. आता पुढचे वीस पेशंट त्याच बाटलीवर." बाहुली मोठी करणारे थेंब, सुन्न करणारे थेंब, ही औषधं दवाखान्याच्या टेबलावर असतात आणि दिवसभर येईल त्याला पडतात. बाटलीत औषध टिकवणारं रसायन असतं, पण ते बुरशी आणि जिवाणूंसाठी. ॲडेनोची खात्री त्यावर देता येत नाही.

दुसरं धोक्याचं ठिकाण म्हणजे डोळ्याचा दाब मोजण्याची ती बारीक पारदर्शक नळकांडी, जी थेट बुबुळाला टेकते. ती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून पुढच्या माणसाला लावायची रीत बराच काळ सगळीकडे होती. ॲडेनोसाठी ती पुरत नाही. या दवाखान्यात आता लाल डोळा दिसला की दाब मोजायचाच नाही, अगदी गरज नसेल तर. मोजलाच, तर ती नळकांडी ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं बुडते. बाजारात मिळणारं साधारण पाच टक्क्यांचं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, हे मिश्रण रोज सकाळी ताजं करायचं, कारण ठेवलेल्या मिश्रणातला क्लोरीन उडत जातो. बाहेर काढल्यावर स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडी करायची. हे शेवटचं विसरलं तर उरलेल्या ब्लीचनं पुढच्या रुग्णाचं बुबुळ भाजतं. "आजार टाळायला जाऊन जखम करून ठेवायची नाही," मॅडम म्हणाल्या.

तेलकट कवच नसलेला विषाणू

स्पिरिट आणि सॅनिटायझर का कमी पडतात, हे समजायला विषाणूच्या अंगावर काय आहे ते बघावं लागतं. कोरोनाचा विषाणू चरबीच्या पापुद्र्यात गुंडाळलेला होता. साबण आणि अल्कोहोल तो पापुद्रा विरघळवतात आणि विषाणू कोसळतो. त्या दोन वर्षांत आपल्या हाताला सॅनिटायझरची सवय लागली ती त्यामुळे. ॲडेनोला तो पापुद्राच नाही. वीस बाजूंचा, प्रथिनांचा घट्ट बांधलेला डबा, आत डीएनए. अल्कोहोलला विरघळवायला त्यावर काही नसतं. अल्कोहोल भरपूर असलं आणि पुरेसा वेळ ओलं राहिलं तर त्याचा काही परिणाम होतो, पण दोन थेंब चोळून लगेच वाळवलेल्या हातावर भिस्त ठेवता येत नाही.

हाच डबा वाळूनही टिकतो. प्रयोगशाळेत प्लास्टिक आणि धातूवर सुकवून ठेवलेले काही प्रकार महिन्याभरानंतरही जिवंत सापडले आहेत. दाराची कडी, नळाची तोटी, मोबाइलची काच, रिमोट, स्कूटरची मूठ या जागा म्हणूनच डोळ्यांच्या साथीत महत्त्वाच्या.

मग साबणानं हात धुण्याला अर्थ काय? साबण इथं विषाणू मारत नाही, वाहून नेतो. म्हणून घासणं आणि वाहतं पाणी दोन्ही लागतात, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्यांसकट निदान वीस-तीस सेकंद. बादलीत हात बुडवून काढण्याचा उपयोग नाही. मॅडम तर धुतलेल्या हातावरही पूर्ण विश्वास ठेवत नाहीत. लाल डोळा तपासताना त्या हातमोजे घालतात आणि पापणी शक्यतो कापसाच्या काडीनं उलटवतात. काडी टाकून देता येते.

बघितल्यानं डोळे येतात, हा समज मात्र अजून जबर आहे. शेडमधले वेल्डरचे सोबती त्याच्याकडे तोंड फिरवून बोलत होते आणि त्यानंच डोळा पुसलेल्या पंचानं कपाळाचा घाम टिपत होते. काळ्या चष्म्यानंही दुसऱ्याचं रक्षण होत नाही. उजेड खुपतो तो कमी होतो आणि डोळ्याकडे जाणारा हात जरा अडतो, एवढाच त्याचा उपयोग.

दहा बाय बाराची खोली

पुढच्या गुरुवारी मुलीचा डोळा लाल झाला. बापाचा डोळा आल्याचा तो आठवा दिवस होता. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, बायकोचा. म्हाताऱ्या आईचे डोळे आलेच नाहीत आणि त्याचं श्रेय ती देवाला देते.

मी घरी गेले तेव्हा सगळ्यांचे डोळे निवळले होते, त्यामुळे बोलणं मोकळं झालं. खोलीत दोरीवर दोन टॉवेल होते, एक अंग पुसायचा, एक तोंड पुसायचा, दोन्ही सगळ्यांचे. झोपायला एकच मोठी गादी आणि सलग उशी. बापाला आणलेले थेंब मुलीच्या डोळ्यात आईनंच घातले होते. औषध तेच, आजार तोच, मग नवी बाटली कशाला? विचार बिनचूक वाटतो, पण बाटलीचं टोक त्याच पापण्यांना टेकून आलेलं असतं. मुलीच्या डोळ्यात त्या दिवशी विषाणू नसलाच, तर तो पोचवण्याची याहून सोपी वाट नाही.

"पदरानंच पुसायची मी ह्यांचा डोळा," बायको म्हणाली. "सकाळी चिकटलेला असायचा ना. कोमट पाण्यात पदर भिजवून पुसायचा, मग तव्याकडे." पदर दिवसभर अंगावर, त्याला हात सारखे लागणार, आणि हात डोळ्यांना. ती आजारी पडली यात नवल नव्हतं.

आजीनं नातीच्या डोळ्यात गुलाबपाणी घालून बघितलं होतं. घराघरांत हा उपाय आहे, कुणी मध घालतं, कुणी तुरटीचं पाणी, शेजारीण बाळंत असेल तर अंगावरचं दूधही. यातल्या कशानं विषाणू मरत नाही आणि उघडी, जुनी बाटली डोळ्यात जिवाणू घालते. आजीला हे तोडून सांगण्यात अर्थ नव्हता. मॅडमनी तिला दुसरं काम दिलं: स्वच्छ कापडाच्या लहान घड्या गार पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायच्या, एका डोळ्याची घडी दुसऱ्याला लावायची नाही, वापरलेली घडी थेट उकळत्या पाण्यात. म्हातारीला ते पटलं. तिचे डोळे का राहिले याचंही उत्तर बहुधा असंच साधं आहे. ती जमिनीवर वेगळी घोंगडी टाकून झोपते आणि तिचा पंचा ती कुणाला देत नाही.

एवढ्या जागेत 'वेगळी खोली' सांगणं निरर्थक आहे. सांगता येतं ते असं: आजारी माणसाचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा, रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात, डोळे पुसायला कापूस किंवा कागदी रुमाल, एकदा पुसून पिशवीत, थेंबाची बाटली ज्याची त्यानं वापरायची आणि बरं झाल्यावर फेकायची, काजळाची डबी आणि सुरम्याची काडी कुणी हात लावायच्या आत बाजूला. नळाची तोटी आणि कडी दिवसातून एकदा पातळ ब्लीचनं पुसली तर उत्तम, पण एकच गोष्ट जमणार असेल तर ती टॉवेलची.

आळंदीहून निघालेली साथ

2023 च्या जुलैत आळंदीतल्या शाळकरी मुलांत डोळ्यांची साथ दिसली आणि बघता बघता ती राज्यभर झाली. बुलढाण्यात सर्वाधिक रुग्ण होते. ऑगस्टच्या सुरुवातीला आरोग्य खात्याच्या नोंदीतला आकडा लाखांत गेला होता आणि नोंद न झालेले किती, याचा अंदाज ज्यानं त्यानं आपल्या गल्लीवरून करावा. त्या दिवसांत बातम्यांत सगळीकडे ॲडेनोव्हायरसचं नाव होतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नमुने तपासले गेले, तेव्हा मात्र मुख्यतः एंटेरोव्हायरसचा एक प्रकार, कॉक्साकी ए-24, सापडला. देशात इतरत्रही त्या साली तोच जास्त आढळला.

दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. कॉक्साकी एक-दोन दिवसांत डोळा लाल करतो, कधी पांढऱ्या भागावर रक्ताचे डाग उमटवतो आणि आठवड्याभरात निघून जातो. शाळेत सोमवारी दोन मुलं, बुधवारी वीस, असा त्याचा वेग. ॲडेनो सावकाश येतो, दोन-तीन आठवडे राहतो आणि दवाखान्यांतून वर्षभर धुमसत असतो. घरात एकाचा डोळा आला आणि दुसऱ्याचा दुसऱ्या दिवशी, तर कॉक्साकीवर संशय घ्यावा. मध्ये आठवडा गेला तर ॲडेनोवर. डॉक्टर बहुतेक वेळा नमुना पाठवतच नाहीत, कारण दोघांवरही विषाणू मारणारं रोजच्या वापरातलं औषध नाही आणि घ्यायची काळजी तीच.

ॲडेनोचे काही प्रकार डोळ्यांबरोबर घसा आणि तापही आणतात, मुलांत जास्त. पुरेसा क्लोरीन नसलेल्या पोहण्याच्या तलावातून ते पसरतात. पनवेलच्या आसपास शनिवार-रविवारसाठी भाड्यानं मिळणाऱ्या फार्महाउसांत छोटे तलाव आता ठिकठिकाणी आहेत. सहलीहून आलेल्या मुलाला आठवड्यानं ताप, घसा आणि लाल डोळे एकत्र झाले, तर डॉक्टरांना तलावाचं सांगावं.

दोनशे रुपयांत बरा झालेला डोळा

डोळा आला तेव्हा वेल्डर आधी डॉक्टरकडे गेलाच नव्हता. फाट्याजवळच्या औषधाच्या दुकानात डोळा दाखवला आणि दोनशे रुपयांत थेंब घेतले. दोन दिवसांत लाली उतरली, खुपणं गेलं. गड्यानं खुशीत काम सुरू केलं. त्या थेंबांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड होतं.

स्टेरॉइड सूज दाबतं आणि सूज दाबली की डोळा बरा दिसतो. विषाणू मात्र आतच असतो, उलट शरीराचा प्रतिकार दबल्यामुळे तो जास्त दिवस बाहेर पडत राहतो. म्हणजे बरा दिसणारा माणूस जास्त काळ वाटत फिरतो. लाल डोळा ॲडेनोचा नसून नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा असेल, तर हेच थेंब बुबुळाला खोल जखम करू शकतात. महिनोनमहिने वापरले तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. त्यातलं अँटिबायोटिक विषाणूला काहीच करत नाही. या आजारात औषध म्हणून हाती राहतं ते साधं: गार पट्ट्या, डोळे ओले ठेवणारे वंगणाचे थेंब आणि वेळ.

थेंब संपले तसा डोळा पुन्हा लाल झाला आणि तिसऱ्या आठवड्यात वेगळीच तक्रार आली. रात्री रस्ता ओलांडताना समोरच्या ट्रकचे दिवे फुटल्यासारखे पसरत होते, दिवसाही धुकं वाटायचं. तेव्हा तो मॅडमच्या खुर्चीत बसला. यंत्रातून त्यांना बुबुळावर, पृष्ठभागाच्या जरा खाली, करड्या रंगाचे गोल ठिपके दिसले. हर्बर्टनं वर्णन केलेली ही जात. विषाणूचे अवशेष आणि त्यांच्याविरुद्ध जमलेल्या पेशी यांचे ते पुंजके. तेव्हा डोळ्यात संसर्ग उरलेलाही नसतो, पण ठिपके आठवडे, महिने, कधी त्याहून जास्त राहतात.

इथं मॅडमची पंचाईत होती. याच टप्प्यावर सौम्य स्टेरॉइड दिलं तर ठिपके विरतात, नजर साफ होते. थांबवलं की अनेकदा परत येतात आणि माणूस त्या बाटलीला बांधला जातो. त्यांनी दिलं नाही. दृष्टी तपासली, वंगणाचे थेंब दिले, महिन्यानं बोलावलं. ज्याचं काम चालणारच नाही, अशा माणसाला त्या कधी देतात, पण मग दाब मोजत, मात्रा हळूहळू उतरवत, स्वतःच्या नजरेखाली.

सगळेच लाल डोळे घरी बसून बरे होणारे नसतात. डोळा आतून ठणकत असेल, उजेडाकडे बघवत नसेल, नजर कमी झाली असेल, कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल किंवा महिन्याभराच्या आतलं बाळ असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. वेल्डिंग करणाऱ्यानं कण गेला असल्याची शंका असली तरी तेच.

चौदा दिवसांचा हिशोब

लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण दहा ते चौदा दिवस ॲडेनोचा माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. शाळेला हे कळवता येतं. मुलीच्या शाळेनं तिला डोळ्यांतलं पाणी थांबेपर्यंत घरी ठेवायला सांगितलं. रोजंदारीवर चौदा दिवस म्हणजे महिन्याचा अर्धा पगार. "चौदा दिवस बसलो तर शेठ दुसरा वेल्डर बघतो," तो म्हणाला आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

मॅडमशी या मुद्द्यावर माझं बरंच बोलणं झालं. त्या चौदा दिवसांच्या आग्रहावर बसल्या नाहीत. दुसरा डोळा येईपर्यंतचे आणि नंतर पाणी वाहतं ते दिवस, म्हणजे पहिला आठवडा तरी, कामावर जाऊ नये. पुढे गेलाच, तर पंचा स्वतःचा, हातात हात नाही, आणि चष्मा स्वतःचा.

चष्म्यावर त्यांनी मुद्दाम जोर दिला, कारण त्या शेडमध्ये जाऊन आल्या नव्हत्या तरी त्यांना माहीत होतं. शेडमध्ये खिळ्याला एकच काळा वेल्डिंगचा चष्मा टांगलेला आहे आणि तिघं वेल्डर तो आळीपाळीनं लावतात. त्याची रबरी कडा पापण्यांच्या केसांना लागते, घामानं ओली होते आणि दुसरा गडी तो तसाच डोळ्यावर चढवतो. मी शेठला हे सांगितलं. त्यांनी चष्मा खिळ्यावरून काढून उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "स्पिरिटनं पुसू ना रोज?" स्पिरिटनं नाही, असं सांगून मी ब्लीचचं प्रमाण त्यांना गल्ल्यावरच्या डायरीत लिहून दिलं: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं, मग साध्या पाण्यानं दोनदा धुऊन वाळवायचा. रबर वर्षभरात तडकेल, हेही सांगितलं. तडकलेल्या रबराच्या चिरांत घाण बसते, तेव्हा तो टाकायचाच. मग त्यांनी तिघांना तीन चष्मे किती पडतील, हे तिथल्या तिथं कळंबोलीच्या हार्डवेअरवाल्याला फोन करून विचारलं.